इंटरव्ह्यूच्या शेवटी मी काय विचारलं आणि त्यावरून नोकरी कशी निवडली

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. या वर्षी जानेवारीत नोकरी बदलायचं ठरवलं आणि जूनमध्ये नव्या जागी रुजू झाले. तांत्रिक प्रश्नांच्या तयारीवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. राउंड संपत आला की समोरचा माणूस घड्याळाकडे बघत म्हणतो, "तुम्हाला काही विचारायचंय का?" त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांबद्दल हे लिहितेय. माझ्या हातात दोन ऑफर होत्या, पगारात नाव घेण्यासारखा फरक नव्हता, आणि निवड झाली ती याच मिनिटांत मिळालेल्या उत्तरांवरून.

जुनी नोकरी का सोडायची होती ते आधी सांगते, कारण माझे प्रश्न त्यातूनच निघाले. तिथे प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, बग गेला की पहिला मेल यायचा, "टेस्टिंगमधून हे सुटलं कसं?" रिक्वायरमेंट अर्धवट होती का, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कोणी कोड बदलला होता का, हे नंतर विचारलं जायचं, बरेचदा विचारलंच जायचं नाही. दुसरं दुखणं प्रमोशनचं. दर अप्रेझलला "पुढच्या सायकलला नक्की बघू" एवढंच ऐकायचं. काय केलं म्हणजे बघाल, हे कोणी सांगायचं नाही. त्यामुळे नव्या जागेबद्दल मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: काही चुकलं की इथली माणसं एकमेकांशी कशी वागतात, आणि टेस्टरला इथे वरची लेव्हल कशी मिळते.

जानेवारीच्या शेवटी वही घेऊन प्रश्न लिहायला बसले. मनात येतील तेवढे लिहून काढले आणि मग एकाच कसोटीवर खोडत गेले: या प्रश्नाला "हो, खूप छान आहे" असं उत्तर देता येतं का? येत असेल तर प्रश्न बाद. टीमचं वातावरण कसं आहे, शिकायला मिळतं का, कामाचा ताण किती असतो, सगळे गेले. यात समोरच्याची लबाडी असते असं नाही. त्याची अडचण असते. पॅनेलवर शेजारी दुसरा सहकारी बसलेला असताना तो आपल्याच कंपनीबद्दल वाईट मत कसं देणार? म्हणून त्याला मत द्यावंच लागू नये, फक्त घडलेलं सांगावं लागेल, असा प्रश्न हवा. आपल्याला ते लोक नाही का विचारत, "मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा"? तुम्ही कसे वागाल यापेक्षा मागच्या वेळी कसे वागलात हे जास्त कामाचं असतं, म्हणूनच विचारतात. मी तेच उलटं फिरवलं.

म्हणजे "कल्चर कसं आहे?" याऐवजी: "गेल्या काही महिन्यांत प्रॉडक्शनला गेलेला एखादा बग आठवतो का? तो कळल्यापासून पुढे काय काय झालं?" आणि "ग्रोथ आहे का?" याऐवजी: "या टीममधून शेवटचं प्रमोशन ज्यांना मिळालं, ते तेव्हा काय काम करत होते? निर्णय कसा झाला? नाव सांगू नका, चालेल." हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. सहकाऱ्याचं नाव घेऊन त्याची हकिगत सांगणं कोणालाच बरं वाटत नाही, आणि नाव नको म्हटलं की माणूस मोकळा बोलतो.

प्रत्येकाला एक-दोन उपप्रश्न जोडून ठेवले. पहिलं उत्तर पुष्कळदा तयार असतं, खरी माहिती दुसऱ्या उत्तरात येते. बगच्या प्रश्नानंतर "त्या चर्चेला कोण कोण होतं?" आणि "त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं?" प्रमोशनच्या प्रश्नानंतर "त्याआधी एखाद्या सायकलला नाव मागे पडलं होतं का? मग काय सांगितलं गेलं?" एका राउंडला दोनच मुख्य प्रश्न न्यायचे असं ठरवलं. पाऊण तासाच्या राउंडमध्ये शेवटी दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, आणि समोरच्याला लगेच तुमच्याबद्दलचा फीडबॅक लिहायचा असतो, पुढची मीटिंग असते. सात प्रश्नांची यादी वाचली तर सात तुटक उत्तरं मिळतात आणि त्यातलं एकही उपयोगाचं नसतं.

फेब्रुवारीत कॉल सुरू झाले. पहिला कॉल बहुतेक ठिकाणी एचआरचा. एचआरला टीम आतून कशी आहे हे साधारणपणे माहीत नसतं, पण नियम आणि वेळापत्रक त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. म्हणून तिथे फक्त प्रक्रियेचं विचारलं. ही जागा नवी आहे की कोणी सोडल्यामुळे रिकामी झाली? सोडली असेल तर ती व्यक्ती त्या जागेवर साधारण किती काळ होती? ही जागा कोणत्या लेव्हलची? टेस्टरसाठी वरच्या लेव्हल लिहून ठेवल्या आहेत का, आणि एका टप्प्यानंतर माणसं सांभाळणं सक्तीचं आहे, की तांत्रिक काम करतच वर जाता येतं? आणि एक प्रश्न सहसा राहून जातो: वर्षाच्या मध्ये रुजू होणाऱ्याला त्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये धरतात का? बऱ्याच ठिकाणी एक कट-ऑफ तारीख असते. तिच्यानंतर रुजू झालात तर त्या वर्षी तुमचा विचारच होत नाही, म्हणजे काही आठवड्यांच्या फरकानं एक पूर्ण सायकल जाते. माझा नोटीस पिरियड लांब होता, त्यामुळे मला हे आधीच कळायला हवं होतं.

राउंड किती आणि कोणाबरोबर, हेही याच कॉलवर विचारून घेतलं. ते माहीत असलं की कोणता प्रश्न कोणासाठी ठेवायचा ते ठरवता येतं. मला बगचा प्रश्न शक्य तितक्या जास्त लोकांना, वेगवेगळ्या राउंडमध्ये, जवळपास त्याच शब्दांत विचारायचा होता.

आता त्या दोन कंपन्या. मार्चच्या सुरुवातीला पहिल्या कंपनीचा तांत्रिक राउंड झाला. समोर एक सीनियर टेस्टर होता, बोलायला अगदी चांगला. बगचा प्रश्न ऐकून म्हणाला, "आम्ही प्रत्येक मोठ्या इश्यूनंतर रेट्रो करतो." म्हणजे काय चुकलं यावर टीमची बैठक. मी विचारलं, "मागची रेट्रो कोणत्या इश्यूवर झाली?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, "सध्या रिलीजचा जोर आहे, त्यामुळे गेल्या काही महिन्यांत झालेली नाही." यात मला खटकण्यासारखं काही वाटलं नाही, काम अंगावर आलं की असं होतं. फक्त मीटिंग संपल्याबरोबर वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले. ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी असं मी म्हणेन. संध्याकाळपर्यंत शब्द विसरतात आणि "बरा वाटला" एवढंच उरतं.

चार दिवसांनी त्याच कंपनीच्या मॅनेजरबरोबर राउंड. तोच प्रश्न. ते म्हणाले, "आमच्याकडे ओनरशिप फार महत्त्वाची. रिलीजवर टेस्टरची सही असते. त्यामुळे बग गेला तर टेस्टर स्वतः पुढे येऊन कारण सांगतो, कोणाला विचारावं लागत नाही." हे ते अभिमानानं सांगत होते. मी उपप्रश्न विचारला, "त्या चर्चेत डेव्हलपर आणि प्रॉडक्टवाले असतात का?" उत्तर आलं, "गरज पडली तर बोलावतो." मग विचारलं, "टेस्टरनं सही द्यायला नकार दिला आणि तरी रिलीज झाली, असं कधी झालंय?" ते हसले आणि म्हणाले, "शेवटी बिझनेसला तारीख पाळावी लागतेच."

माझ्यासाठी हे उत्तर निर्णायक होतं. सही टेस्टरची, कारण टेस्टरनं द्यायचं, पण रिलीज थांबवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नाही. जुन्या जागी जे होत होतं तेच, फक्त नाव चांगलं होतं. गंमत अशी की हे त्यांनी लपवलं नाही. "तुमच्याकडे टेस्टरला दोष देतात का?" असं विचारलं असतं तर त्यांनी मनापासून "छे, अजिबात नाही" म्हटलं असतं, आणि ते त्यांच्या दृष्टीनं खरंही असतं.

प्रमोशनच्या प्रश्नावर त्यांनी "इथे संधीला मर्यादा नाही" म्हणून सुरुवात केली. शेवटचं प्रमोशन विचारल्यावर टेस्टिंगमधलं उदाहरण आठवेना. सध्याचा लीड बाहेरून घेतलेला होता, त्याच्या आधीचाही. यावरून एकदम निष्कर्ष काढू नये. टीम दीड-दोन वर्षांचीच असेल तर प्रमोशन झालेलं नसणं साहजिक आहे. म्हणून टीम किती जुनी ते विचारून घ्यावं. ही टीम चांगली जुनी होती.

दुसऱ्या कंपनीचे राउंड मार्चच्या मध्यावर सुरू झाले. पहिल्या राउंडला एक डेव्हलपर. त्याला बगचा प्रश्न विचारला आणि तो हसत म्हणाला, "गेल्याच महिन्यातला सांगतो." त्यांच्याकडे सवलतीचा एक कोड होता, ठरावीक तारखेच्या मध्यरात्री संपणारा. सर्व्हरची मध्यरात्र एक आणि ग्राहकांची वेगळी, त्यामुळे काही ग्राहकांसाठी तो कोड काही तास आधीच बंद पडला. टेस्ट सगळ्या पास होत्या, कारण टेस्ट डेटा एकाच टाइम झोनमधला होता. तक्रारी आल्या, त्याच दिवशी हॉटफिक्स गेला, दोन दिवसांनी सगळे बसले. मी विचारलं, "सगळे म्हणजे कोण?" "मी, दोन्ही टेस्टर, प्रॉडक्ट मॅनेजर, सपोर्टमधलं एक जण." आणि बदललं काय? तारीख किंवा वेळ असलेल्या प्रत्येक स्टोरीत, म्हणजे कामाच्या लेखी मागणीत, टाइम झोन लिहिल्याशिवाय ती कामाला घ्यायची नाही, असं ठरलं. शिवाय रिग्रेशनमध्ये, म्हणजे बदलानंतर पुन्हा चालवायच्या टेस्टमध्ये, वेगवेगळ्या झोनच्या केस आल्या.

एवढ्या बोलण्यात त्यानं "टेस्टरकडून सुटलं" असं एकदाही म्हटलं नाही. आणि बदल झाला तो रिक्वायरमेंट लिहिण्याच्या पायरीवर, जिथे चूक मुळात शिरली होती. "यापुढे टेस्टर जास्त काळजी घेतील" हा बदल नसतो. उत्तर तेवढ्यावर संपलं तर समजावं की बैठक दोषी शोधण्यासाठी भरली होती.

पुढचा राउंड टेस्ट लीडबरोबर. मी तोच प्रश्न विचारला आणि तिनं न सांगता तीच घटना निवडली. तपशील जुळले, पण सांगणं वेगळं होतं. तिचं म्हणणं, सॉफ्टवेअरचा कोड रिलीजच्या आदल्या दिवशी बदलला गेला होता आणि ती एक दिवस थांबू या म्हणत होती, प्रॉडक्ट मॅनेजरनं ऐकलं नाही. "मग बैठकीत हे निघालं का?" "निघालं. मीच काढलं. त्यांनी मान्य केलं, पण आम्ही दोघं थोडे दिवस जरा तुटक बोलत होतो." हे ऐकून मला उलट विश्वास वाटला. दोन माणसं एकाच शब्दांत एकच गोष्ट सांगायला लागली की ती पाठ केलेली असते. घटना एक, कोन वेगळे आणि थोडी कटुताही शिल्लक, असं असलं तर बहुधा ते खरं घडलेलं असतं.

मग मॅनेजरचा राउंड. इथे मी प्रमोशनचा प्रश्न पुढे घेतला, कारण त्याचं उत्तर मॅनेजरलाच नीट देता येतं. त्यांनी एका टेस्टरची हकिगत सांगितली. पहिल्या सायकलला तिचं नाव मागे पडलं होतं. काम उत्तम होतं, पण ते फक्त तिच्या टीमलाच माहीत होतं, आणि निर्णय घेणाऱ्या समितीत इतर टीमचे मॅनेजर असतात. नंतर तिनं कधी पास तर कधी फेल होणाऱ्या ऑटोमेशन टेस्टचा प्रश्न हाती घेतला. तो तीन टीमना छळत होता. तिनं काय केलं ते लिहून काढलं, इतर टीमनी ते वापरलं, आणि पुढच्या सायकलला तिला वरची लेव्हल मिळाली. मी विचारलं, "पहिल्यांदा नाही म्हटल्यावर तिला कारण कसं कळवलं?" ते म्हणाले, "मी लेखी दिलं. दोन मुद्दे होते. त्यातला एक माझ्याकडूनच राहिला होता, तिचं काम मी समितीसमोर नीट मांडलं नव्हतं."

यानंतर मी विचारलं, "मी आले तर पुढच्या दोन वर्षांत लीड होण्याची शक्यता किती?" त्यांनी सरळ सांगितलं, "लीडची जागा भरलेली आहे, ती रिकामी होईल असं दिसत नाही. तांत्रिक बाजूची वरची लेव्हल मिळू शकते, तिला जागा रिकामी व्हावी लागत नाही." ऐकायला हे पहिल्या कंपनीच्या "मर्यादा नाही"पेक्षा कितीतरी कमी होतं. घरी आल्यावर थोडी खट्टूही झाले, कारण लीड व्हावं असं मनात होतं. पण वही उघडून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की इथे मला रस्ता सांगितला गेला होता आणि पहिल्या कंपनीत फक्त आशा दाखवली होती.

त्यानंतर वाट बघणं. मार्चचा शेवट आणि एप्रिलचे पहिले आठवडे यातच गेले. रोज मेलबॉक्स उघडायची, जुन्या जागी कोणाला कळू नये म्हणून कॉल जिन्यात जाऊन घ्यायची. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा घेता घेता वर्षाच्या शिल्लक रजांतला बराच भाग संपला. एप्रिलच्या मध्यावर पहिल्या कंपनीची ऑफर आली आणि उत्तराला एक आठवडा मिळाला. मी दुसऱ्या कंपनीच्या एचआरला तसं कळवलं, त्यांची ऑफर त्या आठवड्यातच आली.

अवघड प्रश्नांची खरी वेळ ऑफर हातात आल्यानंतरची. तोपर्यंत ते तुम्हाला पारखत असतात, आता तुम्ही यावं अशी त्यांची इच्छा असते, आणि बोलणारा माणूसही सैलावलेला असतो. मी दोन्हीकडे एकच विनंती केली: ज्यांच्याबरोबर रोज काम करायचंय अशा टीममधल्या एका व्यक्तीशी मॅनेजरशिवाय अर्धा तास बोलता येईल का? दुसऱ्या कंपनीनं दोन दिवसांत कॉल लावून दिला. पहिल्या कंपनीनं पुन्हा मॅनेजरचाच कॉल ठेवला. सगळे बिझी असल्याचं कारण दिलं, ते खरंही असेल.

दुसऱ्या कंपनीच्या त्या कॉलवर मी तीन गोष्टी विचारल्या. मागच्या वेळी सुट्टीच्या दिवशी काम कधी करावं लागलं, आणि ते आधी माहीत होतं का? गेल्या महिन्यात मॅनेजरबरोबरची वन-ऑन-वन किती वेळा झाली आणि किती वेळा रद्द झाली? आणि तिसरी: टीममधली कोणती गोष्ट बदलावीशी वाटते, ती कोणाला बोलून दाखवलीय का, पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नात खरा अर्थ शेवटच्या भागात आहे. तक्रारी सगळीकडे असतात. त्या वर पोचतात का, आणि पोचल्यावर बोलणाऱ्याचं काय होतं, एवढं बघायचं. कॉलवरचा टीममधला मुलगा म्हणाला, "रिलीज शुक्रवारी असते ती आवडत नाही. दोनदा बोललो. पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा गुरुवारी करून बघू म्हणाले. अजून बघतोच आहोत." सुट्टीच्या कामाबद्दल त्यानं सांगितलं की तिमाहीतून एकदा मोठी रिलीज असते, तो शनिवार जातो, पण तारीख आधी कळते आणि बदली रजा मिळते.

दुसऱ्या कंपनीला हो म्हणण्याआधी त्यांच्या एचआरला एक छोटा मेल टाकला. माझी लेव्हल ऑफर लेटरमध्ये लिहिलेली असावी आणि जूनमध्ये रुजू झाल्यास मी कोणत्या रिव्ह्यू सायकलला पात्र ठरेन, ते कळवावं. प्रमोशनचं लेखी आश्वासन मागू नये, ते कोणी देत नाही आणि मागणं विचित्र दिसतं. पण लेव्हल आणि पात्रतेची तारीख ही साधी माहिती आहे, ती लेखी मिळते. मला मिळाली.

आता इथे येऊन काही महिने झाले. बगबद्दल जे ऐकलं होतं ते बहुतेक तसंच निघालं. शनिवारची रिलीज तिमाहीतून एकदा नाही, जवळजवळ दर दोन महिन्यांनी असते. बदली रजा मात्र खरंच मिळते. आणि ज्या मॅनेजरनी मला ती प्रमोशनची हकिगत सांगितली, ते मी आल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या विभागात गेले. समितीची पद्धत तीच राहिली, पण माझं काम तिथे मांडणारा माणूस बदलला. नव्या मॅनेजरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, त्यात दीड महिना गेला. त्यामुळे वहीतल्या एचआरच्या पानावर आता आणखी एक प्रश्न लिहून ठेवलाय: गेल्या दोन वर्षांत या टीमचे मॅनेजर किती वेळा बदलले, आणि बदलताना चालू रिव्ह्यूच्या नोंदी नव्या मॅनेजरकडे कशा दिल्या जातात?